‘ताई, काहीही काम चालेल!’

गेल्या दिवाळीत श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावी मराठी मंडळींनी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. फराळाच्या टेबलापाशी एक नवी मुलगी हातात चिवड्याची वाटी घेऊन उभी होती. ओळख झाली, आणि पाचच मिनिटांत तिने विचारलं, “ताई, कुठे काही काम असेल तर सांगाल का? काहीही चालेल.”

ती सप्टेंबरमध्ये कोल्हापूरहून आली होती. नवरा इथल्या एका वाहन-उद्योगातल्या कंपनीत इंजिनिअर, त्याच्याकडे ब्लू कार्ड, आणि ती त्याची जोडीदार म्हणून आलेली. तिथे काय करत होतीस, असं विचारल्यावर म्हणाली, “एका फाउंड्रीत अकाउंट्स बघत होते. सहा वर्षं. पण इथे त्याचं काय!”

हा प्रश्न मी इथे आल्यापासून दर गणपतीला आणि दर दिवाळीला ऐकते. विचारणारे बहुतेक वेळा तरुण मुलगी असते, कधी कधी नवराही असतो. शिक्षण असतं, अनुभव असतो, आणि वाक्य एकच असतं: काहीही चालेल. ऐकणाऱ्याला मदत करायची असते, पण ‘काहीही’ या शब्दामुळे त्याच्या डोक्यात येतं ते सगळ्यात जवळचं काम. अमक्याच्या हॉटेलात भांडी घासायला माणूस हवा आहे, तमक्या गोदामात पाकिटं भरायची आहेत. सहा वर्षं हिशेब सांभाळलेल्या मुलीला ही दोनच दारं दिसतात, आणि त्यातल्या एकातून ती आत गेली की पुढची दोन-तीन वर्षं तिथेच जातात. ‘काहीही’ म्हणायच्या आधी आपल्या हातात नेमकं काय आहे हे तिला कळायला हवं. आम्ही त्या दिवशी हॉलच्या पायरीवर बसून तेच पाहिलं. तिचं नाव इथे देत नाही, पण तिच्या उदाहरणावरून जर्मनीत येणाऱ्या प्रत्येक जोडीदाराला आपला हिशेब मांडता येईल.

पहिला प्रश्न परवानगीचा. तिला वाटत होतं की आपण ‘डिपेंडंट’ आहोत, म्हणजे रीतसर काम करता येणारच नाही, मिळेल ते गुपचूप करावं लागेल. हे तिला न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीने सांगितलं होतं. बहिणीचं तिच्यापुरतं बरोबर होतं. अमेरिकेत एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला आपोआप काम करता येत नाही. नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच वेगळा परवाना मागता येतो, आणि ही सोयही २०१५पासूनची. पण एका देशाचा नियम दुसऱ्या देशात नेता येत नाही. जर्मनीत ६ सप्टेंबर २०१३पासून कुटुंबाबरोबर राहण्याचा परवाना असलेल्या प्रत्येकाला काम करण्याची मुभा आहे. तासांची मर्यादा नाही, क्षेत्राची अट नाही, वेगळा अर्ज नाही. नोकरीच नव्हे, स्वतःचा व्यवसायही करता येतो.

मी तिला पर्समधलं कार्ड काढायला लावलं. त्यावर शेऱ्याच्या जागी दोन जर्मन शब्द होते, ‘एरवेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’. त्यांचा अर्थ ‘उपजीविकेसाठी काम करण्यास परवानगी’. ती सहा आठवडे हे कार्ड पर्समध्ये घेऊन हिंडत होती आणि त्यावर काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड यायला वेळ लागत असेल तर पासपोर्टातल्या व्हिसाच्या कागदावरचा शेरा वाचावा. मालक विचारतो तो हाच शेरा, आणि त्याला त्याची प्रत ठेवावी लागते.

परवानगी आहे म्हटल्यावर तिने लगेच दुसरा पर्याय काढला. कोल्हापूरची कंपनी म्हणत होती की तू तिथूनच लॅपटॉपवर काम चालू ठेव, पगार इथल्या खात्यात टाकतो. हे बऱ्याच जणांना सोपं वाटतं, पण त्यात एक मोठी गोम आहे. काम कुठे बसून होतं याला इथे महत्त्व आहे, पगार कुठल्या खात्यात पडतो याला नाही. जर्मनीत राहून केलेल्या नोकरीवर जर्मनीतला आयकर लागतो, आणि आरोग्य, पेन्शन, बेरोजगारी यांच्या विम्याचे हप्तेही इथे भरावे लागतात. त्यासाठी त्या भारतीय कंपनीला इथे नोंदणी करावी लागते. बहुतेक छोट्या कंपन्या तेवढी खटपट करत नाहीत. मग सगळं न सांगता चालू राहतं, आणि दोन वर्षांनी विमा कंपनी किंवा करखातं विचारायला लागलं की मागचे सगळे हप्ते एकदम गळ्यात पडतात. कंपनी नोंदणीला तयार असेल तर करावं, नसेल तर सोडून द्यावं.

आता तिच्या शिक्षणाचं. तिचं एम.कॉम. झालेलं. इथल्या माणसाला आपल्या विद्यापीठाचं नाव ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून जर्मनीने परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची एक यादी ठेवली आहे. तिचं नाव आनाबिन. ती सगळ्यांना फुकट पाहता येते. आपल्या विद्यापीठापुढे ‘H+’ असं दिसलं की ती संस्था मान्य आहे असं समजायचं. तिच्या विद्यापीठापुढे ते होतं. त्यापुढे जाऊन आपली पदवी इथल्या कुठल्या पदवीच्या तोलाची आहे याचं प्रमाणपत्र बॉनच्या एका सरकारी कचेरीकडून मिळतं. त्याला दोनशे युरोंच्या आसपास खर्च येतो. हिशेबनीसाच्या कामाला ते सक्तीचं नाही, पण अर्जासोबत ते जोडलं की समोरच्याला ‘एम.कॉम. म्हणजे काय’ हा प्रश्न पडत नाही.

सक्तीचं आहे ते काही ठरावीक पेशांना. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते आणि शिक्षक यांना सरकारी मान्यतेशिवाय आपलं काम त्या नावाने करताच येत नाही. डॉक्टरला वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि शिक्षण इथल्या तोलाचं नाही असं ठरलं तर ज्ञानाचीही परीक्षा असते. शिक्षकांची अडचण आणखी वेगळी आहे. इथे शाळेतल्या शिक्षकाने साधारणपणे दोन विषय शिकलेले असावे लागतात, आणि आपल्याकडच्या बी.एड. झालेल्या बाईंकडे पदवीचा एकच मुख्य विषय असतो. अशा पेशातल्या माणसाने पहिल्याच महिन्यात मान्यतेचा अर्ज सुरू करावा, कारण तो वर्ष-दीड वर्ष चालू शकतो. हिशेब, संगणक, विक्री, खरेदी, डिझाइन या क्षेत्रांत असला अडसर नाही.

मग अडसर कुठे आहे? कोल्हापूरच्या मुलीला मी विचारलं, “तू सहा वर्षं रोज काय करत होतीस ते सांग. ‘अकाउंट्स’ म्हणू नकोस.” आधी ती अडखळली, मग बोलायला लागली. पुरवठादारांची बिलं तपासायची, खरेदीच्या ऑर्डरशी आणि माल आल्याच्या पावतीशी ती जुळवायची, फरक असेल तर फोन करायचा, देणी वेळेत काढायची. महिन्याला साडेतीनशे-चारशे बिलं तिच्या हातून जात. निर्यातीची कागदपत्रं असत. जीएसटीचं रिटर्न तर होतंच. कंपनीत मोठी संगणकप्रणाली होती तिचं नाव विचारलं तर म्हणाली, “एसएपी.”

एसएपी ही कंपनी जर्मनीचीच, आमच्याच राज्यातल्या वाल्डोर्फ गावची. इथल्या कारखान्यांत बिलं त्याच प्रणालीत चढवली जातात. आणि ती जे काम करत होती त्याला इथे स्वतंत्र नाव आहे: ‘क्रेडिटोरेनबुखहाल्टुंग’, म्हणजे देण्यांचे हिशेब. नोकरीच्या जाहिराती याच नावाने निघतात. ‘अकाउंटंट’ म्हणून शोधणाऱ्याला त्या सापडतच नाहीत.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी तिला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. भारतात मोठ्या कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२०पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, आणि मर्यादा खाली येत येत ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपर्यंत ते पोहोचलं. तिने ते स्वतः राबवलं होतं. नाकारलेली बिलं, चुकलेले कोड, पुरवठादारांची रडारड, सगळं तिने निस्तरलं होतं. जर्मनीत हा बदल आत्ता होतोय. १ जानेवारी २०२५पासून इथल्या कंपन्यांना एकमेकींची ई-बिलं स्वीकारता आली पाहिजेत, पाठवण्याची सक्ती मोठ्यांना २०२७पासून आणि बाकीच्यांना २०२८पासून आहे. इथला हिशेब विभाग ज्या घोळातून आज जातोय त्यातून ती तीन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेली आहे. नियम वेगळे आहेत, बिलाचा साचा वेगळा आहे, पण अडचणींची जात तीच आहे. अर्जात ही एक ओळ घालणं दहा विशेषणांपेक्षा मोलाचं आहे.

पण हे कागदावर सिद्ध कसं करायचं? तिच्याकडे कंपनीचं रिलीव्हिंग लेटर होतं. त्यात नाव, हुद्दा, दोन तारखा आणि शुभेच्छा. जर्मनीत नोकरी सोडताना प्रत्येकाला ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ मागण्याचा कायदेशीर हक्क असतो. त्या पत्रात माणसाने कोणकोणती कामं केली आणि कशी केली हे सविस्तर असतं, आणि इथला मालक अर्जासोबत तेच शोधतो. आपलं चार ओळींचं पत्र पाहून त्याला वाटतं, हिच्याबद्दल मालकाला सांगण्यासारखं काही नव्हतं. मी तिला म्हटलं, जुन्या साहेबांना फोन कर आणि कामाची यादी असलेलं एक पानभर पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह इंग्रजीत मागव. महिन्याला किती बिलं, कुठली प्रणाली, ई-इनव्हॉइसचं काम, हाताखाली किती माणसं, सगळं त्यात येऊ दे. तीन आठवड्यांत पत्र आलं. देश सोडण्याआधीच हे पत्र घेतलं असतं तर एका भेटीत काम झालं असतं.

आता मुख्य अडथळा, भाषा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे येण्याआधी जर्मन येत असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे घोळही होतो, कारण माणसं शून्य जर्मनवर येऊन पोहोचतात. नवऱ्याच्या कंपनीत सगळे इंग्रजी बोलतात, तेव्हा बायकोलाही चालेल असं दोघांना वाटतं. नवरा जिथे आहे तिथे सॉफ्टवेअरची भाषा इंग्रजी असते. हिशेब विभागात मात्र पुरवठादार फोनवर जर्मन बोलतो, बिलावरचा मजकूर जर्मन असतो, करखात्याचं पत्र जर्मन असतं. तिथे कामापुरती म्हणजे बी-२ पातळीची भाषा लागते. मोठ्या शहरांत काही आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे हिशेब इंग्रजीत चालतात, आणि तिथे अर्ज जरूर करावेत, पण त्या जागा थोड्या आणि उमेदवार फार.

आम्ही कॅलेंडर काढलं. सरकारी ‘इंटेग्रात्सिऑन्सकुर्स’ ७०० तासिकांचा असतो. एक तासिका ४५ मिनिटांची. ६०० तासिका भाषा आणि १०० तासिका देशाचा कायदा, इतिहास, समाज. तो बी-१ पातळीपर्यंत नेतो. त्याची फी सुमारे सोळाशे युरो पडते. परवाना देणाऱ्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतच या वर्गाच्या हक्कपत्राबद्दल विचारायचं. पदवीधरांना ते दर वेळी मिळतंच असं नाही. नाही मिळालं तर फोक्सहोखशूले नावाची सार्वजनिक शिक्षणसंस्था जवळपास प्रत्येक गावात आहे, तिथे स्वतःच्या खर्चाने शिकता येतं. आठवड्याला २५ तासिका धरल्या तर ७०० तासिकांना २८ आठवडे लागतात. जानेवारीत सुरू केलं तर जुलै उजाडतो. त्यानंतर कामाच्या भाषेचा बी-२ वर्ग, आणखी चारशे ते पाचशे तासिका, म्हणजे चार-पाच महिने. एकूण जवळपास एक वर्ष.

वर्ष हा शब्द ऐकून तिचा चेहरा पडला. मी तो आकडा कमी करून सांगितला नाही, कारण खोट्या आशेवर पहिले सहा महिने अर्ज पाठवत बसलेल्या आणि एकाही उत्तराविना खचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या सहा महिन्यांत बी-१ झालं असतं. इथे यायचं ठरलेलं असेल तर व्हिसाची वाट बघण्याचे महिने पुण्यात किंवा मुंबईत माक्स म्युलर भवनात, किंवा घरूनच ऑनलाइन, जर्मन शिकण्यात घालवले तर हे वर्ष सात-आठ महिन्यांवर येतं.

कामाच्या भाषेचा वर्ग मिळवायला आणखी एक दार आहे, जे आपल्या लोकांना माहीत नसतं. ‘आगेंटूर फ्यूर आर्बाइट’ म्हणजे सरकारी रोजगार कचेरी. पुष्कळांना वाटतं की ती फक्त बेकारभत्ता घेणाऱ्यांसाठी आहे, तिथे गेलं की व्हिसावर डाग लागतो. तसं नाही. नोकरीच्या शोधात आहे अशी नोंद भत्ता न घेताही करता येते. सल्लागार नेमून मिळतो, तो बी-२ वर्गाची वाट दाखवतो, आणि त्याला पटलं तर एखाद्या प्रशिक्षणाचा खर्चही कचेरी उचलते. तिच्या बाबतीत ते प्रशिक्षण ‘डाटेव’चं असू शकतं. जर्मनीतले करसल्लागार हिशेबासाठी जी प्रणाली वापरतात ती न्यूर्नबर्गच्या या संस्थेची. एसएपी तिला येतं, डाटेव आलं की कारखाना आणि करसल्लागाराचं ऑफिस अशी दोन्ही दारं उघडतात.

मग या वर्षभरात कमवायचंच नाही का? कमवावं, पण काय आणि का ते ठरवून. इथे ‘मिनीजॉब’ नावाचा प्रकार आहे. जानेवारी २०२६पासून महिन्याला ६०३ युरोंपर्यंतची नोकरी मिनीजॉब धरली जाते. किमान वेतन तासाला १३.९० युरो असल्यामुळे ते साधारण महिन्याला ४३ तास, आठवड्याला दहा तास होतात. त्यावर तिला सहसा आयकर पडत नाही, आणि नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात ती पैसे न भरता राहू शकते. भाषेचा वर्ग सांभाळून हे जमतं. पण मिनीजॉबची मर्यादाही कळायला हवी. त्यात बेरोजगारीचा विमा नसतो, त्यामुळे तो कितीही वर्षं केला तरी नोकरी गेल्यावर भत्ता मिळत नाही. आणि पुढच्या मालकाला त्यातून तुमच्या पेशाबद्दल काही कळत नाही.

म्हणून मिनीजॉब निवडताना पैशापेक्षा एक प्रश्न विचारावा: इथे दिवसभर कुठली भाषा कानावर पडेल? भारतीय हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणि जर्मन बेकरीच्या गल्ल्यावर तासाचं वेतन जवळपास सारखंच असतं. पण स्वयंपाकघरात दहा तास हिंदी-पंजाबी ऐकू येतं, आणि गल्ल्यावर दहा तास गावातली म्हातारी माणसं पाव मागता मागता हवापाण्याच्या गप्पा मारतात. खाण्याचे पदार्थ हाताळायचे तर आरोग्य कचेरीतून स्वच्छतेच्या नियमांची छोटी शिकवणी घेऊन दाखला आणावा लागतो. तेवढी एक चक्कर पडते.

इथेच एका धोक्याबद्दल सांगते, कारण नव्या माणसालाच तो गाठतो. ‘घरबसल्या काम’ म्हणून दोन प्रकारचे निरोप येतात. एक, तुमच्या घरी पार्सलं येतील, ती नवं लेबल लावून पुढे पाठवायची. ती पार्सलं चोरीच्या कार्डावर किंवा खोट्या नावावर मागवलेली असतात, आणि पोलीस पत्ता शोधत तुमच्या दारात येतात. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. एका बँकेच्या ॲपची चाचणी करायची आहे, व्हिडिओवर पासपोर्ट दाखवून खातं उघडा, असं सांगतात. ती चाचणी नसतेच. तुमच्या नावाने खरं खातं उघडतं आणि त्यातून दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे फिरतात. ‘रोख देतो, नोंदणी नको’ हा तिसरा प्रकार आपल्याच ओळखीतून येतो. नोंदणी नसली की अपघातात हात भाजला किंवा पगार बुडाला तर आपण तिथे काम करत होतो हे सिद्ध करणंच अवघड जातं. मिनीजॉबचीसुद्धा नोंदणी मालकाला करावीच लागते. लेखी करार दिला नाही तर तिथून निघावं.

शेवटचा मुद्दा पैशाचा. तो नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून समजून घ्यावा. इथे विवाहितांना करवर्ग निवडता येतात. दोघंही चौथ्या वर्गात असतात, किंवा जास्त कमावणारा तिसऱ्यात आणि कमी कमावणारा पाचव्यात जातो. बायको कमावत नसते तेव्हा ऑफिसातले लोक सांगतात, तीन-पाच घे, तुझा हातात येणारा पगार वाढेल. ते खरं आहे, कारण तिच्या वाट्याची करमुक्त रक्कमही नवऱ्याच्या पगारात धरली जाते. मग वर्षभराने बायकोला नोकरी लागते आणि तिचा पहिला पगार पाहून ती रडवेली होते. महिना दोन हजार युरो पगार असेल तर चौथ्या वर्गात साधारण शंभर युरोंच्या आत आयकर कापला जातो, पाचव्यात तो तीनशेच्या आसपास जातो. विम्याचे हप्ते वेगळे. मग घरात बोललं जातं, “एवढ्यासाठी कशाला जातेस?” आणि नोकरी सुटते.

तो हिशेबच चुकीचा आहे. कर वर्षाच्या शेवटी दोघांच्या एकत्र मिळकतीवर ठरतो, आणि कुठलाही वर्ग निवडला तरी वर्षाचा एकूण आकडा तोच येतो. पाचव्या वर्गातल्या बायकोच्या पगारातून जो जास्त जातो तो नवऱ्याच्या पगारातून आधीच वाचलेला असतो. पण एका बाबतीत फरक खरा असतो. बाळंतपणानंतरचा पालकभत्ता, आजारपणातला भत्ता आणि बेरोजगारी भत्ता हे हातात आलेल्या पगारावर मोजले जातात. पाचव्या वर्गात ते कमी मिळतात, आणि ते नंतर परत मिळत नाहीत. म्हणून तिला नोकरी लागली की दोघांनी चौथ्या वर्गात यावं. वर्ग बदलायचा अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे, वर्षातून कितीही वेळा करता येतो. मूल हवं असेल तर हा बदल प्रसूतीच्या रजेच्या कितीतरी आधी करावा लागतो. रजा ज्या महिन्यात सुरू होईल त्याच्या किमान सात महिने आधी.

हे सगळं कशासाठी, एकाचा पगार पुरत असताना? तिच्या नवऱ्याने मला हे प्रामाणिकपणे विचारलं. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. तिचा राहण्याचा परवाना आज त्याच्या परवान्यावर उभा आहे. सर्वसाधारण नियमाने जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावरच तिला स्वतंत्र राहण्याचा हक्क मिळतो. आणि वाहन-उद्योगात आज माणसं कमी केली जात आहेत. त्याची नोकरी गेली तर दोघांच्या परवान्यावर प्रश्नचिन्ह येतं. तिला पदवीला साजेशी नोकरी असेल तर ती स्वतःच्या नावावर परवाना मागू शकते आणि तो तिचा जोडीदार म्हणून राहू शकतो. पगाराइतकंच हे महत्त्वाचं आहे. त्याने ते ऐकून घेतलं, आणि संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातले चार दिवस स्वतःकडे घेतला, कारण तिचा वर्ग दुपारी असतो आणि गृहपाठ संध्याकाळी.

आज ती बी-१ वर्गात आहे आणि शनिवारी व बुधवारी सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर उभी असते. जुलैत परीक्षा आहे. रोजगार कचेरीतल्या सल्लागाराशी पहिली भेट झाली आहे. नोकरी अजून लागलेली नाही, आणि ती या वर्षात लागेल असं मी म्हणणार नाही. पण गेल्या महिन्यात मंडळातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या काकांना तिने जे विचारलं ते मी कानाने ऐकलं. “काका, तुमच्याकडे क्रेडिटोरेनबुखहाल्टुंगमध्ये एसएपी वापरतात का? मी सहा वर्षं तेच केलंय, ई-इनव्हॉइससकट. माझं बी-२ फेब्रुवारीपर्यंत होईल. तेव्हा अर्ज कुणाकडे द्यावा हे विचारून सांगाल का?” काकांनी खिशातून फोन काढला आणि हिशेब विभागातल्या बाईंना तिथल्या तिथे निरोप टाकला.

इथे येण्याच्या तयारीत असणाऱ्यांना माझं सांगणं आहे: लोणच्याच्या बरण्या बांधायच्या आधी कंपनीकडून कामाची पूर्ण यादी असलेलं पत्र घ्या, आणि व्हिसाची वाट बघताना जर्मनचा वर्ग सुरू करा. आणि इथे रुळलेल्या माझ्या मराठी मंडळींना विनंती आहे: कुणी ‘काहीही चालेल’ म्हणालं तर लगेच हॉटेलचा पत्ता देऊ नका. आधी विचारा, तिथे रोज काय करत होतीस?